तीन किलोवॅट, बारा महिने

सकाळी ६.२०

एप्रिल महिना. आचरा तिठ्यावर पहिल्या एसटीची माणसं उभी आहेत. वायरिंगचे ठेकेदार स्कूटर घेऊन येतात. वय पंचावन्नच्या आसपास. सगळे त्यांना ‘वायरमन’ म्हणतात, पण ते वीज कंपनीचे नोकर नाहीत. त्यांच्याकडे शासनाचा ठेकेदारीचा परवाना आहे, आणि त्या परवान्यावरच त्यांची सही चालते. पायाशी एक जड पिशवी. तिच्यात मेगर, अर्थ टेस्टर, दोन लोखंडी खुंट्या, टेस्टर, पकड, इन्सुलेशन टेप. खांद्याला अडकवलेली दुसरी पिशवी कागदांची. ती पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये असते, आता उघडी आहे.

आजचं काम एकाच घराचं. मुंबईत गिरणीच्या आणि नंतर कारखान्याच्या नोकरीत आयुष्य काढलेले एक गृहस्थ गावी परत आलेत. वडिलांच्या जुन्या जागेत चिऱ्याचं घर बांधायला काढलंय. जोत्यासाठीची खोदाई झाली. आता वीज हवी. त्यांनी वायरमनना परवा सांगितलं होतं, “एक अर्ज लिवन देवा, बाकी मी बघतंय.” वायरमन तेव्हाच म्हणाले होते, अर्ज शेवटी लिहायचा, आधी जागा बघायची.

सकाळी ६.५०

जागा वाडीच्या टोकाला आहे. एका बाजूला कलमांची बाग, दुसऱ्या बाजूला शेजारच्या काकींचं घर. चिऱ्यांचा एक ट्रक रात्रीच खाली झालाय. गवंडी सात वाजता येणार. त्यांची हजेरी हजार रुपये, हाताखालच्या गड्याची सातशे. तिघं आहेत. वीज नसली म्हणून हजेरी थांबत नाही.

वायरमन आधी वर बघतात. जवळचा खांब कुठला, त्यावर नंबर काय रंगवलाय, तिथपासून मीटरच्या जागेपर्यंत किती अंतर. टेप धरायला मला बोलावतात. बावीस मीटर. मध्ये रस्ता नाही, माड नाही. म्हणजे खांबावरून सरळ सर्व्हिस वायर येईल, मध्ये नवा खांब लागणार नाही. हे अंतर अर्जात लिहायचं असतं, कारण वीज कंपनीचा माणूस जागा बघायला येतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो. नवा खांब लागला तर खर्चाचा अंदाज वेगळा, मंजुरी वेगळी आणि थांबणंही वेगळं. ते खांबाचा नंबर वहीत लिहितात आणि शेजारी एक लहान नकाशा काढतात. खांब, बाग, काकींचं घर, मीटरचा खांबा.

मीटरसाठी चार फूट उंच चिऱ्याचा खांबा गवंड्याने कालच उभा केलाय. तोंड पूर्वेकडे आहे. पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा तोंड तिकडे नको, हे वायरमननी सांगून ठेवलं होतं.

सकाळी ७.४०

गवंडी आले. एकाने विहिरीतला पंप सुरू केला. पाणी आलं. वायरमनचं लक्ष पाण्याकडे नाही, वायरीकडे. पंपाची वायर कुंपणावरून काकींच्या पडवीत गेलीय. मध्ये दोन जोड आहेत, टेपने गुंडाळलेले. एक जोड जमिनीवर, ओल्या चिऱ्याला टेकलेला. वायरमन वाकून जोडाजवळ हाताची पाठ धरतात.

“गरम झाली हा,” ते म्हणतात. “बंद कर रे पंप.”

काकी बाहेर येतात. त्यांना वाटतं आपल्यावर काही बालंट आलं. “आमी काय पैसे घेतलव नाय हां. शेजारी म्हणान दिलंव.”

“काकीनू, तुमची काय चूक नाय,” वायरमन म्हणतात. “पण बिल तुमच्या नावार येता.”

मग पायरीवर बसून ते त्यांना सावकाश समजावतात. काकींचा महिन्याचा वापर ऐंशी युनिटच्या आत असतो. घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटपर्यंत आहे. पंप आणि कटर रोज चालला की वापर शंभराच्या पुढे जातो आणि वरच्या युनिटना चढा दर लागतो. हे झालं पैशाचं. दुसरं जास्त वाईट. मीटर त्यांच्या घरासाठी दिलाय, शेजारच्या बांधकामासाठी नाही. वीज कायदा, २००३ मधलं कलम १२६ नेमकं याबद्दल आहे. मंजूर जागेबाहेर किंवा मंजूर कामाशिवाय वीज वापरली तर तो अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी दुप्पट दराने होते. किती दिवस वापर चालला ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरता येतात. भरायची पाळी शेजाऱ्यावर येते, ज्याने नुसता प्लग लावू दिला.

काकी काही बोलत नाहीत. आत जाऊन प्लग काढतात. घरमालक गृहस्थ खाली बघतात. माझ्या मते त्यांच्या मनात फसवण्याचं काहीच नव्हतं. कोकणात शेजारी पाणी देतो, दोरी देतो, तशी वायरही देतो. फक्त वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक नाव आणि एक ग्राहक क्रमांक असतो.

आजच्यापुरतं पाणी बादलीने काढायचं ठरतं. त्यासाठी एक गडी अडकतो. सातशे रुपये तिथे गेले.

सकाळी ८.३०

अर्थिंगचा खड्डा. जांभ्याचा कातळ वरच आहे, चार फुटांखाली पहार खणखणते. म्हणून पाइप पुरा खाली जात नाही. परवापासून दोघांनी मिळून खोदून खड्डा रुंद केलाय. वायरमन जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप उभा धरतात. त्याला खालपर्यंत भोकं आहेत. भोवती लोणारी कोळशाचे तुकडे, मग थोडं खडं मीठ, मग चाळलेली माती, परत कोळसा. मीठ ते मोजकंच घालतात. जास्त मीठ घातलं की पाइप लवकर गंजतो, आणि दोन पावसाळ्यांत अर्थिंग नावापुरतं उरतं.

मग सहा बादल्या पाणी. एप्रिलमध्ये जांभा हाडासारखा कोरडा असतो, पाणी खालपर्यंत मुरायला वेळ लागतो. “दुपारी मोजतलंव,” म्हणत ते हात झटकतात.

सकाळी ९.३०

आता भार. अर्जात ज्या आकड्यावर सगळं उभं राहतं तो हा. वायरमन प्रत्येक यंत्राजवळ जातात आणि त्यावरची पट्टी वाचतात. गवंड्याला विचारलेलं लिहीत नाहीत. पंप एक एचपीचा, म्हणजे ७४६ वॅट. चिरे आणि लाद्या कापायचा कटर १,४०० वॅट. ड्रिल ६०० वॅट. रात्री राखणीला आणि आतल्या कामाला वीस वॅटचे चार दिवे, ८० वॅट. बेरीज २,८२६ वॅट. अर्जात लिहायचं ३ किलोवॅट, सिंगल फेज.

घरमालकांनी आधी स्वतः एक अर्ज लिहिला होता. त्यात ‘१ किलोवॅट’ होतं. कमी लिहिलं तर अनामत कमी पडेल, हा त्यांचा हिशेब. वायरमन सांगतात, मंजूर भार एक आणि जागेवर चालतोय तीन, हे तपासणीत दिसलं तर तोही अनधिकृत वापरातच जातो. शिवाय मुख्य स्विच, वायरीची जाडी, सगळं त्या आकड्यावर ठरतं. तीन किलोवॅट म्हणजे सगळं एकदम चालू असताना साधारण बारा-तेरा अँपिअर. त्याला १६ अँपिअरचा एमसीबी पुरतो.

“आणि वेल्डिंग?” मालक विचारतात. खिडक्यांच्या ग्रिल जागेवरच करायच्या होत्या.

“ता हय नको. शेडवर करून घेवा.” वेल्डिंगचं मशीन एकटंच या सगळ्यांहून जास्त ओढतं. त्यासाठी भार वाढवायचा तर अनामत वाढते, आणि मशीन लागणार जेमतेम चार दिवस. काँक्रीटचा मिक्सर डिझेलवरचा येणार आहे, तोही यादीत नाही. यादीत नको ते न घालणं हेही यादी करण्यातलंच काम.

सकाळी १०.१५

तिठ्यावरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल. दोन चहा, एक प्लेट उसळपाव. वायरमन कोरा फुलस्केप काढतात. अक्षर गोल, सावकाश.

वर उजवीकडे तारीख. मग ‘प्रति’, वीज कंपनीच्या अभियंत्यांचं पद आणि कार्यालय. व्यक्तीचं नाव नाही. अभियंता बदलून जातो, अर्ज फाइलमध्ये राहतो.

विषयाची ओळ एकच: ‘स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामासाठी तात्पुरती सिंगल फेज वीजजोडणी मिळणेबाबत.’ प्रत्येक शब्दाला काम आहे. ‘तात्पुरती’ नसेल तर अर्ज कायम जोडणीच्या गठ्ठ्यात जातो आणि पूर्ण झालेल्या घराचे कागद मागितले जातात. ‘बांधकामासाठी’ नसेल तर लग्नाचा मांडवही तात्पुरताच असतो.

मग मजकूर:

‘महोदय, मौजे आचरा, ता. मालवण येथील खालील सर्व्हे व हिस्सा क्रमांकाच्या जमिनीत मी स्वतःच्या राहण्यासाठी घर बांधत आहे. ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवानगीची प्रत सोबत जोडली आहे. पाण्याचा पंप, कटर, ड्रिल व दिवे यांसाठी एकूण ३ किलोवॅट भाराची जोडणी दि. १ मे पासून बारा महिन्यांसाठी हवी आहे. जवळचा खांब मीटरच्या नियोजित जागेपासून २२ मीटरवर आहे. स्थळदर्शक नकाशा जोडला आहे. जमीन सामाईक असून सहहिस्सेदारांचे संमतीपत्र सोबत आहे. जोडणीचा वापर फक्त बांधकामासाठी करीन. काम पूर्ण झाल्यावर कायम घरगुती जोडणीसाठी स्वतंत्र अर्ज करीन. नियमाप्रमाणे येणारी रक्कम भरण्यास तयार आहे.’

बस. ‘आपण कृपावंत होऊन’ नाही, ‘गरिबाची विनंती’ नाही. मालकांना हे कोरडं वाटतं. त्यांच्या जुन्या अर्जात पाऊण पान हलाखीचं होतं. वायरमन म्हणतात, हलाखी वाचून कोणी भार मंजूर करत नाही. जागा कुठे, किती वीज, कधीपर्यंत, हक्क कोणाचा. चार उत्तरं मिळाली की वाचणाऱ्याला परत विचारावं लागत नाही. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने मागितल्यावर वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्यच आहे. तेव्हा आर्जवापेक्षा तपशील महत्त्वाचा, आणि मला हे पटतं.

बारा महिने का? मालकांनी सहा लिहिले होते. वायरमन बोटांवर मोजतात. मे महिन्यात जोतं आणि भिंती. जून ते सप्टेंबर पाऊस, भिंती वर जातील पण स्लॅब नाही. दिवाळीनंतर स्लॅब, त्यावर पाणी मारणं. मग गिलावा, लाद्या. मार्च येतोच. सहा महिन्यांची मुदत ऑक्टोबरअखेर संपली असती, म्हणजे नेमकी स्लॅबच्या तोंडावर. मुदत वाढवून मिळते, पण संपण्याआधी मागावी लागते.

सकाळी ११.१०

झेरॉक्सचं दुकान. दोन रुपये पान. सातबारा, आठ अ, परवानगी, आधार, काकींच्या वीजबिलाची प्रत. शेजारच्या बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक दिला की तो भाग कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर आहे हे कार्यालयाला लगेच सापडतं. काकींनी बिल न मागता दिलं.

सातबाऱ्यावर पाच नावं आहेत. मालक, त्यांचा भाऊ आणि तीन चुलत भावंडं. या किनाऱ्यावरच्या बहुतेक सातबाऱ्यांची हीच गत. पिढ्या मुंबईत गेल्या, जमीन वाटली नाही, नावं वाढत गेली. वीज कंपनीला घराच्या भांडणात पडायचं नसतं, म्हणून संमती हवी. चौघांपैकी तिघांच्या सह्या आधीच आल्यात. चौथी बहीण डोंबिवलीला. तिचं संमतीपत्र काल कुरिअरने आलं, ऐंशी रुपये.

वायरमन ते उलगडतात आणि थांबतात. संमतीपत्रात सर्व्हे नंबर बरोबर आहे, हिस्सा नंबर लिहिलेलाच नाही. एका सर्व्हे नंबरात इथे दहा-दहा हिस्से असतात. नुसत्या सर्व्हे नंबरावरून ही जमीन ती नव्हेच असं म्हणता येतं.

मालक बहिणीला फोन लावतात. “अगो, एक आकडो रवलो.” पलीकडून बराच वेळ बोलणं येतं. शेवटी ठरतं की ती नव्याने लिहून, सही करून, फोटो आजच पाठवेल आणि मूळ कागद उद्या कुरिअरने. आणखी ऐंशी रुपये.

दुपारी १२.१०

वीज कंपनीचं कार्यालय. पंखा, बाक, भिंतीवर तक्रारीचा १९१२ नंबर. ए-वन अर्ज भरलेला आहे, वर हे पत्र. काउंटरवरच्या मॅडम एकेक पान उलटतात. भार बघतात, नकाशा बघतात, मुदत बघतात. संमतीपत्राशी थांबतात.

“मूळ प्रत आली की एकत्रच द्या. आता घेतलं तर त्रुटी दाखवावी लागेल.”

मालकांचा चेहरा पडतो. वायरमन लगेच मान डोलावतात. बाहेर आल्यावर सांगतात तेव्हा मलाही ते कळतं. केंद्राचे वीज ग्राहक हक्कांचे नियम २०२० चे. त्यांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. डोंगराळ भागातल्या खेड्यांना ३० दिवसच राहिले. पण हे दिवस मोजले जातात ते पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अपुरा अर्ज घाईने दिला तर दिवस सुरूच होत नाहीत, आणि मालक मात्र मनात मोजत बसतात. पूर्ण अर्ज, मग जागेची पाहणी, मग फर्म कोटेशन, म्हणजे अनामत आणि जोडणीचा आकार धरून भरायच्या रकमेचा कागद. ते भरल्यावर मीटर.

अनामत अंदाजे वापरावरून ठरते. बांधकामाची वीज घरगुती दरात बसत नाही, तिचा दर बिगरघरगुतीचा. म्हणून घर पूर्ण झाल्यावर ही जोडणी विसरून तशीच वापरत राहणं महागात जातं. काम संपल्यावर तात्पुरती जोडणी बंद करायची, बाकी नसेल तर अनामत परत मागायची, आणि कायम जोडणीचा अर्ज वेगळा करायचा. पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य त्यासाठीच होतं.

दुपारी १.३०

वायरमनच्या घरी जेवण. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. ते जेवताना कामाचं बोलत नाहीत. नंतर सुपारी कातरत सांगतात, तौक्ते वादळ आलं तेव्हा, मे २०२१ मध्ये, या किनारपट्टीवर खांबच्या खांब झोपले होते. दिवसेंदिवस वीज नव्हती. तेव्हापासून मीटरच्या खांब्याचं तोंड आणि पेटीचं झाकण हे ते आधी बघतात.

दुपारी ३.००

जागेवर परत. ऊन चिऱ्यांवरून परतून अंगावर येतंय. पेटीत बोर्ड बसवायला घेतात. मुख्य स्विच, मग आरसीसीबी, मग एमसीबी, मग झाकणाचे दोन सॉकेट. आरसीसीबी म्हणजे गळती पकडणारा स्विच. साधारण अठराशे रुपयांचा. मालकांना तो वगळायचा होता. “एमसीबी आसा मां? अर्थिंग पण केलंव.”

वायरमन अर्थ टेस्टर काढतात. दोन खुंट्या ओळीत ठोकायच्या. जांभ्यात खुंटी शिरत नाही, मऊ माती शोधत त्यांना अंगण पालथं घालावं लागतं. पहिलं मोजमाप ३४ ओहम. आणखी चार बादल्या पाणी. अर्धा तास थांबून परत. १९.

मग वहीच्या मागच्या पानावर ते मालकांना गणित मांडून दाखवतात. समजा कटरच्या आत वायर सुटली आणि लोखंडी अंगाला लागली. दाब २३० व्होल्ट, जमिनीची वाट १९ ओहमची. भागलं तर बारा अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरचा. बारा अँपिअरने तो पडणारच नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि कटरच्या अंगात वीज खेळतेच आहे. ओल्या चिऱ्यावर उघड्या पायाने उभा असलेला गडी त्याला हात लावणार. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअर गळतीलाच पडतो, म्हणजे एका अँपिअरचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. मे महिन्यात माती सुकून १९ चे परत ३४ झाले तरी तो पडेल.

मालक आकडे दोनदा वाचतात. गवंडीही येऊन बघतो. कोणी काही म्हणत नाही. आरसीसीबी बसतो.

दुपारी ४.२०

मेगर. हाताने फिरवायचा, पाचशे व्होल्टचा. बोर्डाच्या वायरी आणि अर्थ यांच्यामध्ये लावून वायरमन दांडा फिरवतात. काटा पन्नास मेगाओहमच्या वर. चांगलं. किमान एक तरी हवा. मग गवंड्याचा एक्स्टेंशन बोर्ड, ज्याच्यावर कटर चालतो. काटा अर्ध्याच्याही खाली. उघडून बघितलं तर आत सिमेंटची ओली भुकटी.

“हो टाकून दी.”

“चार वर्षां चलता हा,” गवंडी म्हणतो.

“चलता म्हणानच टाक.”

नवा बोर्ड आणि तीन तारांची रबरी केबल, बाराशे रुपये. मालक आणि गवंडी निम्मे निम्मे देणार. थोडी घासाघीस होते, पण ठरतं.

संध्याकाळी ५.१५

टेस्ट रिपोर्ट. वायरमन पायरीवर बसून भरतात. भार, इन्सुलेशनचं मोजमाप, अर्थचं मोजमाप, आरसीसीबी बसवला आहे, परवाना क्रमांक, सही, शिक्का. अर्थच्या रकान्यात ते १९ लिहितात. मालक विचारतात, थोडं कमी लिहिलं तर बरं दिसेल का. वायरमन उत्तर देत नाहीत, शिक्का मारतात. उद्या कोणाला धक्का बसला तर पहिला कागद हाच उघडला जाईल, आणि त्यावर सही त्यांची आहे.

सगळ्या कामाची त्यांची मजुरी साडेसहा हजार. सामान वेगळं. रिपोर्टचे जादा पैसे ते घेत नाहीत. नुसती सही मागायला येणाऱ्यांना ते परत पाठवतात, असं गवंडी मला बाजूला घेऊन सांगतो.

संध्याकाळी ६.००

डोंबिवलीहून फोटो आला. हिस्सा नंबर आहे. वायरमन सातबारा शेजारी धरून आकडा जुळवतात. मूळ कागद परवा येईल. तोपर्यंत फाइल त्यांच्या पिशवीत. क्रम लावलेला: अर्ज, पत्र, परवानगी, सातबारा, संमतीपत्रं, नकाशा, शेजारचं बिल, टेस्ट रिपोर्ट. पत्रावरची तारीख त्यांनी पेन्सिलने लिहिलीय. ज्या दिवशी देणार त्या दिवशी शाईने.

गडी हजेरी घेऊन निघालेत. गवंडी शेवटी विचारतो, “लाईट कधी?”

“परवा अर्ज. थयसून पंधरा दीस धर, पैसे भरूक उशीर नको.”

गवंडी चिऱ्यांकडे बघतो आणि मालकांशी बोलून घेतो. उद्यापासून कापायचे चिरे बाजूला ठेवायचे, अख्खे लागतील तेवढ्या ओळी आधी उचलायच्या. पाण्यासाठी दोन पिंपं भाड्याने आणायची. एकाचं दिवसाला पन्नास.